इमारतीची उंची : वीजरोधकाच्या पट्टीसाठी (सोसायटी ग्रुप, रत्नागिरी)

सचिव काका: वीजरोधकाच्या तांब्याच्या पट्टीचं कोटेशन आलंय. कठड्यापासून जमिनीपर्यंत २१ मीटर धरलेत. तांबं मीटरवर विकतात, म्हणून आपली उंची आधी नक्की करूया. गच्चीवरून टेप सोडला तर मधल्या छज्ज्यांना अडकतो.

तेजस (३०२): काका, मी मोबाईलने मोजलं. फाटकाशी उभा राहिलो, भिंतीपासून टेपने बरोबर २० मीटर. मोबाईलच्या कडेवरून कठड्याकडे नेम धरला, कोन आला ३८ अंश. ३८ चा टॅन ०.७८, त्याला २० ने गुणलं, म्हणजे डोळ्याच्या वर १५.६ मीटर. डोळ्याची उंची १.५५ मिळवली की १७.२.

मीना वहिनी (१०४): तेजस, फाटक उंचावर आहे रे. पावसाचं सगळं पाणी तिथूनच पार्किंगमध्ये येतं. तू उभा होतास ती जमीन आणि इमारतीचा पाया एका पातळीत नाहीत, म्हणून डोळ्याची उंची मिळवून भागणार नाही. तिथूनच भिंतीच्या पायथ्याकडे नेम धरून खालचा कोनही घे.

तेजस: घेतला. खाली ८ अंश. टॅन ०.१४, म्हणजे २.८ मीटर. १५.६ आणि २.८, एकूण १८.४! मघाशी सव्वा मीटर कमी येत होते.

मीना वहिनी: तोच तो उतार. दोन्ही कोन घेतले की डोळ्याची उंची लागतच नाही. टेप उताराने धरला होतास, पण एवढ्या उतारात आडव्या अंतरात चारच सेंटिमीटरचा फरक पडतो, तो सोडून दे.

सचिव काका: मग माझे काल १९.५ कसे आले? मी गडग्याला टेकून, भिंतीपासून ६ मीटरवरून कोन घेतला होता.

मीना वहिनी: काका, इतक्या जवळून कोन ६९-७० अंशांच्या घरात जातो. तिथे एक अंश चुकला की उंची ८०-९० सेंटिमीटरने सरकते. तेजसच्या जागेवरून ५५ ने. कोन ४५ च्या आसपास येईल इतकं लांब उभं राहिलं की चूक सर्वांत कमी. शिवाय हात हलतो, म्हणून कोन पाच वेळा घेऊन सरासरी काढायची.

तेजस: पाच वेळा घेतला वहिनी, ३७.५ ते ३८.५ मध्येच आहे. म्हणजे अर्धा अंश इकडे-तिकडे, साधारण ३० सेंटिमीटर.

सचिव काका: मी आत्ताच जिना मोजून आलो. मजल्याला १७ पायऱ्या, पायरी १७ सेंटिमीटर, म्हणजे २.८९ मीटर. पार्किंग धरून सहा मजले, १७.३. कठडा १.०५. एकूण १८.४ च.

मीना वहिनी: छान जुळलं. आता २१ मध्ये जमिनीखालच्या अर्थिंगची लांबी धरली आहे का, तेवढं विचारा. धरली नसेल तर पट्टी अडीच मीटर जास्त लावली आहे.

सचिव काका: उद्या सकाळी फोन करतो.