शब्दचर्चा: ‘यूज्ड टू’ म्हणजे उठते की उठायची?

मंदार, सांगली:
भाची बँकेच्या मुलाखतीची तयारी करतेय, म्हणून परवा घरीच तिला प्रश्न विचारत बसलो होतो. पोरगी रोज पहाटे पाचला उठून पळायला जाते. तिनं ते असं सांगितलं: ‘आय यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह.’ मी विचारलं, मग सोडलंस कधी? ती म्हणाली, ‘सोडलं कुठं मामा, आजसुद्धा गेले होते की!’ तिच्या वहीत लिहिलंय, यूज्ड टू म्हणजे सवय. मग आजची सवय सांगायची कशी? आणि ‘वुड’ कुठं वापरायचं?

सागर, कराड:
यूज्ड टू म्हणजे आपलं ‘जायचो, खायचो’. आता ते राहिलेलं नाही. वुडचा अर्थही तोच, कुठलंही घाला. आजची सवय असेल तर मध्ये ‘ॲम’ टाकायचं: ‘आय ॲम यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह.’

नलिनीताई, मिरज:
सागर, जायचो-खायचो अगदी बरोबर. पुढचं मात्र दुरुस्त करायला हवं. रोज काय करते एवढंच सांगायचं असेल तर भाचीला ‘आय गेट अप ॲट फाइव्ह’ पुरे. या यूज्ड टूला वर्तमानकाळ नाहीच, त्यामुळे ‘आय यूज टू गेट अप’ हेही चालत नाही.

‘आय ॲम यूज्ड टू’ म्हणजे अंगवळणी पडलंय, आता त्याचा त्रास वाटत नाही. त्याच्यापुढं ‘गेट’ येत नाही, ‘गेटिंग’ येतं. अडलं तर ‘टू’च्या पुढचं सगळं काढून तिथं नुसतं ‘इट’ ठेवून बघा. ‘आय ॲम यूज्ड टू इट’ नीट बसतं, म्हणजे पुढं क्रियापदाचं नाम हवं, उठणं, जाणं असं. ‘आय यूज्ड टू इट’मध्ये क्रियापदच उरत नाही, वाक्य लटकतं.

आपल्याकडचंच घ्या. 2005, 2019, 2021, तीन पूर पाहिलेलं नदीकाठचं घर म्हणेल, ‘वुई आर यूज्ड टू मूव्हिंग एव्हरीथिंग अपस्टेअर्स.’ सामान वर न्यायची सवय झालीय. ‘वुई यूज्ड टू मूव्ह’ म्हटलं, तर ऐकणारा समजेल की पूर्वी न्यायचे, आता ती वेळ येत नाही. एका ‘आर’नं पाणी घरात येतं की थांबतं, ते ठरतं.

बापू, कडेगाव:
ताई, आमच्याकडं ‘यूज्ड ट्रॅक्टर’ म्हणून जाहिरात येते. मी गेल्या वर्षी घेतला, क्लच महिन्यात गेला. त्या यूज्डचा अर्थ सवयीचा ट्रॅक्टर असा होतो का?

नलिनीताई:
नाही बापू, तो वापरलेला. पण बरं झालं विचारलंत, कारण फरक कानाला कळतो. वापरलेला तो ‘यूझ्ड’, झ स्पष्ट. सवयीचं आणि जायचो-खायचोचं, दोन्ही ‘यूस्टू’, एका दमात. ‘कोयता ऊस तोडायला वापरतात’ याला ‘अ कोयता इज यूझ्ड टू कट शुगरकेन’. इथं ‘इज’ असूनही पुढं ‘कट’च, कारण कोयत्याला कशाची सवय झालेली नाही. माझ्या वर्गात मुलं सर्वांत जास्त इथंच घसरायची.

सागर:
मान्य. पण वुडचं काय?

नलिनीताई:
वुडला आधी काळाची चौकट लागते. ‘लहानपणी दिवाळीत आम्ही विट्याला’ असं सुरू झालं की मग ‘वुई वुड गो टू द फार्म’ छान चालतं. काही न सांगता ‘आय वुड गो टू विटा’ म्हटलं, तर ‘जाईन, जर…’ असं वाटतं. शिवाय वुड पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टीला, टिकून असलेल्या स्थितीला नाही. अंगणात चिंच होती, ती आता नाही: ‘देअर यूज्ड टू बी अ टॅमरिंड ट्री.’ इथं वुड नको.

मंदार:
पण ‘एव्हरी इव्हनिंग ही वुड बी इन द काउशेड’ असं वाचलंय. तिथं तर ‘बी’ आहे.

नलिनीताई:
बरोबर पकडलंत. आजोबा रोज संध्याकाळी गोठ्यात असायचे, म्हणजे ते असणंही रोज नव्यानं घडत होतं. मी मुलांना मराठीतच बघायला सांगते: ‘असायचे’ बसलं तर वुड चालेल, नुसतं ‘होतं’ बसलं तर यूज्ड टू.

सागर:
ताई, आमच्याकडं ‘तिथं पूर्वी गिरणी असायची’ सर्रास म्हणतात. गिरणी काही रोज नव्यानं येत नव्हती.

नलिनीताई:
हो, मग तिथं माझी युक्ती तोकडी पडते. तुमच्या बोलीत ती वापरू नका, गिरणी जागची हलत होती का, तेवढंच विचारा.

मंदार:
भाचीचा आणखी एक प्रश्न: ‘डिडन्ट’नंतर यूज्ड टू लिहिताना ‘यूज्ड’चा शेवटचा डी ठेवायचा का? ऐकताना तर दोन्ही सारखंच.

नलिनीताई:
परीक्षेत ठेवू नये, ‘डिड’मध्ये भूतकाळ येऊन गेलाय. छापलेल्या मजकुरात मात्र डी असलेलंही दिसतं, आणि ते चूकच म्हणायचं का यावर जाणकारांचंही एकमत नाही.