एक्झिमामुळे बाळ रात्री उठतं, अंथरुणाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार, आम्ही नाशिकला राहतो. मुलगी नऊ महिन्यांची आहे. गालांवर आणि कोपर-गुडघ्यांच्या घडीत एक्झिमा आहे. डॉक्टर म्हणाले, पाणी सुटत नाही, पिवळी खपलीही नाही, म्हणजे संसर्ग दिसत नाही. रात्री कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटं अंघोळ, मग अंग न घासता टिपून ओलसर असतानाच बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर, आणि लाल चट्ट्यांवर त्यांनी दिलेलं स्टेरॉइड मलम, एवढं चालू आहे. त्वचा बरीच मऊ झाली आहे.

तरी मध्यरात्री ती गाल गादीला घासत उठते. तेव्हा मान आणि पाठ घामेजलेली असते. दुपारी नुसत्या सुती चादरीवर मात्र शांत झोपते. त्यामुळे माझा संशय रात्रीच्या ड्राय शीटवर आहे. तिचा वरचा भाग पॉलिस्टरचा, खाली रबरी थर, वारा खेळणार कुठून?

त्यावर सुती चादर ताणून, कडा गादीखाली खोचून घातली तर पुरेल, की रबरी थराची उष्णता तरीही लागेल? पूर्ण सुती, पण ओल न झिरपणारं काही मेन रोडला किंवा शालिमारला मिळतं का?

दुसरं म्हणजे थंडी. सासूबाई लोकरीचं पांघरूण घाला म्हणतात. लोकर टोचते, आणि एक वर्षाच्या आत सुटं पांघरूण तोंडावर येण्याची भीती. मलमलचं पूर्ण बाह्यांचं झबलं आणि वर सुती स्लीपिंग बॅग नाशिकच्या डिसेंबरात कुणी वापरली आहे का? एकच थर पुरला की दोन लागले?