अनुभव धागा: होम स्क्रीनचे विजेट एका रंगसंगतीत आणि एका फॉन्टमध्ये कसे बसवलेत?

इंदूरहून मृणाल: मला आईच्या महेश्वरीचे रंग हवे होते, गर्द वांगी अंग आणि काठाला जर. साडीचा फोटो सकाळी गच्चीत काढला, कारण घरातल्या पिवळ्या दिव्याखाली वांगी रंग तपकिरी दिसायला लागतो. त्यातून रंगाचे कोड उचलले आणि KWGT अ‍ॅपमध्ये घड्याळ-वाराचं विजेट केलं. रंग छान जमले, पण जो फॉन्ट निवडला त्यात घड्याळाचे आकडे बदलले आणि वार मात्र फोनच्याच साध्या अक्षरात राहिला. दोन वेगळ्या हातांनी लिहिल्यासारखं दिसतंय. कुणी सोडवलंय का हे?

सुहास: एवढं कशाला, नवीन अँड्रॉइड वॉलपेपरवरून रंग आपोआप घेतं की! साडीचा फोटोच वॉलपेपर ठेव.

प्रसाददादा: सुहास, घेतं, अँड्रॉइड 12 पासून, पण त्याला हवी ती छटा घेतं, तुझी जर तो पिवळट करून टाकेल. आणि ते सगळ्या विजेटना लागू होत नाही, KWGT मध्ये जो कोड तू स्वतः टाकलास तो तसाच राहतो.
मृणाल, तुझ्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसणार. जे अक्षर फाइलमध्ये नाही ते फोन स्वतःच्या फॉन्टमधून आणतो. गूगल फॉन्ट्सवर भाषेच्या फिल्टरमध्ये देवनागरी लाव, मग Mukta, Yatra One असे मिळतील. जरीच्या काठाशी मला Yatra One शोभतो, पण त्यात एकच जाडी आहे, बारीक तारखेला तो भरीव वाटतो. TTF फाइल उतरवून त्या टेक्स्टच्या फॉन्टमध्ये निवड. वारासाठी हे:

```
$df(EEEE)$
```

फोनची भाषा मराठी असेल तर 'रविवार' येतं. हे करून झालं की 'वि' ची वेलांटी वरून कापली जात नाही ना ते बघ, कापली तर अक्षराचा आकार थोडा कमी कर.
कोडचं अजून एक, तिथे आठ अक्षरांचा कोड असतो, पहिली दोन पारदर्शकतेची. FF म्हणजे पूर्ण भरीव, 80 ठेवलं की मागचा वॉलपेपर झिरपतो आणि वांगी मळकट दिसतो.

शुभदाकाकू: बाळांनो, मला फक्त घड्याळ मोठं दिसायला हवं, चष्म्याशिवाय. माझ्या फोनवर रंगबिंग काही नको, ह्यात होईल का?

प्रसाददादा: काकू, होईल, फोनच्याच साध्या घड्याळाच्या विजेटला बोटाने दाबून धरून कडा ओढा.

अनुजा: माझा आयफोन, iOS 18 मध्ये आयकॉनना टिंट दिला तर विजेटही त्याच एका रंगात गेले, जरीचा आणि अंगाचा रंग वेगळा ठेवताच येईना. विजेटस्मिथमध्ये फॉन्ट आहेत पण मराठी अक्षराला त्यातला एकही धड लागला नाही, कुणाला लागलाय का?

मृणाल: Mukta लावला, वार आणि आकडे एका घरचे दिसायला लागले! पण काल दुपारी घड्याळ काही मिनिटं मागे होतं, स्क्रीन चालू केल्यावर बऱ्याच वेळाने सरकलं.

प्रसाददादा: बॅटरी सेव्हिंग त्या अ‍ॅपला झोपवतंय. सेटिंगमध्ये त्याची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' कर. काही फोनवर त्यानंतरही अडतं, तुझा कुठला आहे?