मदत हवी आहे: हिंदीत ‘तू’ लिहू की ‘आप’?

मंडळी, मी वरुड तालुक्यातला. आमची संत्री न्यायला बैतूलचा एक गाडीवाला यायचा, चांगला दोस्त. मृग बहाराच्या तोडणीत गाडी उशिरा आली म्हणून मी चारचौघांत त्याची चेष्टा केली, तो चिडला. तेव्हापासून अबोला.

त्याला मराठी वाचता येत नाही. मी लिहिलं होतं: ‘त्या दिवशी मी चेष्टा केली, ते चुकलं. वाटलं तर बोल, नाही बोललास तरी चालेल.’ पुतण्यानं हिंदी केलं: ‘मैंने चेष्टा की.’ नशीब, पाठवलं नाही! हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. तिथं आता ‘सबके सामने मज़ाक उड़ाया, ग़लती मेरी थी’ असं घातलंय.

अडकलो शेवटच्या ओळीत. ‘नहीं बोले तो भी चलेगा’ म्हणजे मला फरक पडत नाही, असं वाटतं. ‘जब मन करे, बात करना’ बरं वाटतं का? आणि आधी आम्ही ‘तू’च म्हणायचो. आता ‘तू’ उद्धट वाटेल, ‘आप’ परकं. ‘तुम’ चालेल का? हिंदी घरात वाढलेल्या कोणी सांगा भाऊ.