अनुभव धागा: रोजनिशी वहीत की फोनवर? तुमचं लिहिणं कसं बदललं?

आबोली_डिचोली
चवथीची साफसफाई चालू आहे. माटोळी काढायला माळ्यावर चढले आणि मागच्या कोपऱ्यात माझ्या कॉलेजच्या वह्यांची पिशवी सापडली. झाडू तिथेच राहिला. २०१९ पासून मी फोनमधल्या ऍपवर लिहिते, म्हणून रात्री दोन्ही शेजारी ठेवून वाचलं.

वहीत एका पानावर आहे, "आतेचा फोन. बारशाला बोलावलंय. जाणार नाही." त्यातल्या 'नाही'वर आडवी रेघ. खाली, "आई म्हणते जा. जाईन." मग समासात दुसऱ्या शाईने, "गेले नाही. बरं झालं." आणि हे 'बरं झालं' नंतर इतकं गिरवून खोडलंय की कागद फाटायला आलाय.

ऍपमध्ये साधारण असाच प्रसंग आहे, माणसं वेगळी. "वास्तुशांतीला गेलो नाही. ठीक." संपलं. त्या दिवशी मी कितीदा लिहिलं आणि पुसलं ते मला आठवतंय, पण तिथे त्यातलं काहीच नाही. वाचणाऱ्याला वाटेल बाई अगदी ठाम होत्या!

कुठलं चांगलं हा वाद नको. माध्यम बदलल्यावर तुम्ही काय लिहायला लागलात आणि काय लिहायचं सोडलंत, ते सांगा.

बार्देसकर
खोडलेलं कोणाला वाचायचंय? मला तर पुसता येतं म्हणूनच लिहवतं. वहीत पहिलं वाक्य चुकलं की मी पान फाडायचो, शेवटी वही अर्धी व्हायची.

कुडचड्याची_मावशी
मी कालनिर्णयवर लिहिते गो. दूध, पोदेराचे पाव, गॅस कधी लावला. पाव वाढवून घेतले तर आकड्याला गोल. फोनवर केलं होतं एकदा, पण पोदेर सायकलची पोंप वाजवतो तेव्हा फोन चार्जिंगला असतो.

आबोली_डिचोली
मावशी 😄 तो हिशेब झाला, मी मनातलं लिहिण्याबद्दल विचारतेय.

कुडचड्याची_मावशी
त्यातच असतं ते. धाकटा दुबईला गेला त्या चौकोनात "पाव २" लिहिलंय. आधी ४ असायचे. आणखी काय लिहू, जागा कुठे आहे?

बार्देसकर
मावशी जिंकल्या. धागा बंद करा.

शाळाबाई_फोंडा
घाईत लिहितेय, भाकरी तव्यावर आहे. माझी गोष्ट अर्धशिशीची. डॉक्टरांनी दुखण्याची नोंद ठेवायला सांगितली. मी आधी वहीत ठेवली, रात्री सगळं आवरल्यावर. "आज दिवसभर डोकं दुखलं. कोणी विचारलंसुद्धा नाही." पानंच्या पानं अशी. डॉक्टरांनी चाळली आणि विचारलं, सुरू किती वाजता झालं? गोळी कधी घेतली? मला सांगताच येईना.

मग ऍप घेतलं. दुखायला लागलं की तेव्हाच उघडायचं, वेळ आपोआप पडते. मी फक्त उजवीकडे की डावीकडे, जेवण झालं का, झोप किती, गोळी कुठली एवढं टाकायचे. पुढच्या खेपेला महिन्याचं पान समोर ठेवल्यावर दोन गोष्टी दिसल्या. एक, "दिवसभर" म्हणत होते ते बहुतेक वेळा दुपारी साडेतीन-चारला सुरू होत होतं, म्हणजे शाळा सुटल्यावर आणि जेवण टळलं त्या दिवशी. दुसरी मोठी. गोळी मी समजत होते त्याहून कितीतरी जास्त दिवस घेत होते. वहीत मी फक्त वाईट दिवस लिहायचे ना! थोडं दुखलं, गोळी घेतली, थांबलं, तर त्या रात्री लिहिण्यासारखं काही उरायचंच नाही.

डॉक्टर म्हणाले, साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस, असे काही महिने घेतली, तर गोळीमुळेच डोकं दुखत राहू शकतं. काही गोळ्यांना तर महिन्यातले दहा दिवसही पुरतात. हे माझ्या वहीतून कधीच कळलं नसतं.

पण "कोणी विचारलंसुद्धा नाही" हे ऍपमध्ये कुठेच नाही. ते विचारायला रकानाच नव्हता. घरातलं ते भांडण मग राहूनच गेलं. चला, भाकरी करपली.

नदीपल्याड
भाकरी!! 😄

कीर्तनप्रेमी
हाताने लिहिलं की मेंदूत पक्कं बसतं हे शास्त्राने सिद्ध झालंय. अमेरिकेत प्रयोग झालाय. म्हणून वहीच. फोनवर लिहिलेलं मनापर्यंत पोचत नाही.

ग्रंथपाल_तिसवाडी
कीर्तनप्रेमी, तो २०१४ चा म्युलर आणि ओपनहायमर यांचा प्रयोग असावा. पण तो वर्गातल्या टिपणांवर होता, तेही लॅपटॉपवर, रोजनिशीशी त्याचा संबंध नाही. लॅपटॉपवाली मुलं व्याख्यान जसंच्या तसं उतरवत होती. हाताने लिहिणाऱ्यांना तेवढा वेग नव्हता, म्हणून ती स्वतःच्या शब्दांत आखडतं लिहीत होती. पुढे इतरांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा फरक इतका ठसठशीत आला नाही. रोजनिशीत तर उतरवून घ्यायला समोर कोणी बोलतच नसतं.

आपल्या विषयाच्या जास्त जवळचं काम पेनबेकर यांचं आहे, १९८६ चं. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगावर न थांबता लिहायला लावलं. काहींनी फक्त घडलेलं लिहायचं, काहींनी फक्त भावना, काहींनी दोन्ही. लिहून झाल्या झाल्या भावना लिहिणाऱ्यांना उलट वाईटच वाटलं. पण पुढच्या महिन्यांत दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या खेपा इतरांपेक्षा कमी होत्या.

मला त्यातला कागद महत्त्वाचा वाटत नाही, सलग पंधरा मिनिटं महत्त्वाची वाटतात. फोनवर आपण दोन ओळी लिहितो, तेवढ्यात वरून निरोप टपकतो, तो वाचतो, परत येतो तर सूर तुटलेला. शाळाबाईंचं उदाहरण त्यात नेमकं बसतं. घडलेलं काय आणि केव्हा, ते फोनने पकडलं. वाटलं काय, ते वहीने. त्यांना दोन्ही एकत्र कुठेच मिळालं नाही.

कीर्तनप्रेमी
बरं. पण मला वहीच आवडते, एवढं तरी मान्य करा.

ग्रंथपाल_तिसवाडी
मान्य! मीही वहीतच लिहितो.

मांडवीकाठचा_प्रवासी
मी म्हापसा-पणजी कदंबमध्ये बोलून लिहितो. माईकचं बटण दाबायचं आणि बोलत सुटायचं. परिणाम असा की माझ्या रोजनिशीत पूर्णविराम नाही. "मग तो म्हणाला मग मी म्हटलं मग ना" असं अखंड पर्वरीपर्यंत. आणि शेजारी कोण बसलंय त्यावर मजकूर ठरतो. साहेबाबद्दल एक शब्द नाही, कारण त्यांचा मेहुणा त्याच बसमध्ये असतो. हवामानाबद्दल मात्र विपुल.

आणखी एक. मी बोलताना अर्धं कोकणीत जातो. फोनला मराठी लावलंय, तो "आवय" ऐकून "आवड" लिहितो. आठवडाभर माझी आवड आजारी होती.

नदीपल्याड
😂😂 आवड बरी आहे का आता?

मांडवीकाठचा_प्रवासी
बरी आहे, देव बरें करूं. काल नेवऱ्या तळत होती.

सत्तरीची_लेक
हसून झाल्यावर जरा वेगळं. ऍप "मागच्या वर्षी आजच्या दिवशी" म्हणून जुनी नोंद वर काढतं. बाबा गेले त्या पहाटे मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिलं होतं. काय लिहितेय ते तेव्हा कळत नव्हतं. वर्षाने ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडलेला, आणि ते स्क्रीनवर. पुढे मागे काही नाही, नुसती पहिली ओळ. वही असती तर ते पान मी माझ्या वेळेला उघडलं असतं, किंवा उघडलं नसतं.

आठवणी बंद करायची सोय सेटिंगमध्ये होती, ती नंतर सापडली. तेव्हापासून मला एक सवय लागलीय. पहिली ओळ मी मुद्दाम साधी लिहिते. "आज पाऊस." खरं ते दुसऱ्या ओळीपासून.

आबोली_डिचोली
सत्तरीची_लेक, तुझ्यासाठी शब्द नाहीत गो. पहिल्या ओळीचं मी लक्षात ठेवणार.

वेर्णेकर
वहीवाल्यांनी पावसाचं बोला की. माझी वही गेल्या जूनमध्ये खिडकीखाली भिजली. शाईपेनाने लिहिलेलं सगळं निळं पाणी झालं. बॉलपेनचं जसंच्या तसं. म्हणजे आनंदाचे दिवस गेले आणि तक्रारी राहिल्या, कारण शाईपेन मी मूड असेल तेव्हाच काढतो.

ग्रंथपाल_तिसवाडी
पुढच्या वेळी भिजली तर उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात. इस्त्री तर नकोच. दर काही पानांनंतर टिश्यू घालायचा, ओला झाला की बदलायचा, पंख्याखाली वही उभी ठेवायची. छापील वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते. दोन दिवसांत वाळण्यासारखी नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी तेवढ्यापुरती थांबते, मग सवडीने वाळवता येते. विरघळलेली शाई मात्र परत येत नाही.

वेर्णेकर
फ्रीझरमध्ये बांगडे आहेत.

बार्देसकर
दोन पिशव्या घाला. नाहीतर रोजनिशीला खरा गोव्याचा वास.

सासष्टीतली_सून
कोणी एकांताबद्दल का बोलत नाही? एकत्र घरात वही म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. मी वहीत नावं लिहायचेच नाही, 'मो.' 'धा.' अशी अक्षरं. आता वाचताना मलाच कळत नाही धा. म्हणजे धाकटी जाऊ की धाकटा दीर. ऍपला कुलूप लावल्यापासून पूर्ण नावानिशी लिहिते. पण खरं सांगू, लिखाण बिघडलं. वहीत कोणी वाचेल या भीतीने मी समोरच्याची बाजूही लिहायचे. आता नुसती शिव्यांची यादी.

बार्देसकर
तीही लागते कधीकधी.

आबोली_डिचोली
मीच सांगायचं विसरले, ऍपमधलं सगळं बाहेर काढून ठेवायचा प्रयत्न केला तर पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटली. 'आत्या'चा त् वेगळा पडला. कोणाला नीट जमलंय?

ग्रंथपाल_तिसवाडी
पीडीएफ सोडा, साध्या मजकुराची फाईल मिळते का बघा. त्यात अक्षरं तुटत नाहीत, फक्त फोटो गळतात. आधी एकच महिना काढा आणि दुसऱ्या फोनवर उघडून पाहा. आणि खोडलेलं जपायचं असेल तर गूगल डॉक्समध्ये लिहा, तिथे व्हर्जन हिस्टरीत आधीची रूपं सापडतात. मात्र प्रत्येक अक्षराची नोंद नसते, अधलीमधली रूपं एकत्र केली जातात.

आबोली_डिचोली
मग वास्तुशांतीचं खोडलेलं तिथे सापडलं असतं म्हणा!

शाळाबाई_फोंडा
परत आले. डॉक्टर आता म्हणतात रोज टिपू नका, गोळी घ्याल त्याच दिवशी टिपा. सारखं विचारलं की डोकं उगाच दुखतंय असं वाटतं म्हणे. मला काही पटलेलं नाही. इथे कोणी टिपणं थांबवून पाहिलंय का?