अनुभव धागा: लग्नघर, गर्दी आणि एक खरी गप्पा

लग्नसराई आलीच आहे. आपल्यातल्या कित्येकांना लग्नाला जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून पोटात गोळा येतो. माणसं आवडत नाहीत असं नाही, एकदम तीनशे जण झेपत नाहीत एवढंच. तर असं एखादं लग्न आठवतंय का, जे फक्त एका माणसामुळे निभावलं? कोण होतं, काय बोललात, ते लिहा. सल्ले नकोत, अनुभव हवेत.

कोपऱ्यातली खुर्ची

माझा अनुभव गेल्या वैशाखातला. मावसबहिणीचं लग्न, साताऱ्यात. सीमांतपूजनाच्या संध्याकाळीच माझी बॅटरी संपली होती. "हल्ली काय करतेस?" हा प्रश्न मी चौदा वेळा ऐकला. मी एका प्रयोगशाळेत वजनं आणि मोजमापाची उपकरणं तपासते, बरोबर दाखवतात की नाही ते बघते. हे वाक्य पूर्ण होण्याआधीच समोरच्या काकू "अगंबाई, तुम्ही कधी आलात?" करत माझ्या खांद्यावरून दुसऱ्याच कुणाकडे निघालेल्या असायच्या. पंधराव्या वेळी मी "बँकेत आहे" असं सांगून मोकळी झाले. कुणाचं काही बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघराची रांग टाळायला पहाटे पाचला उठले. आवरून मांडवात आले तर तिथे मंडपवाल्याचा झोपलेला पोरगा आणि एक आजोबा. नवऱ्यामुलाचे चुलत आजोबा. समोर तांब्याचं गंगाळ पाण्याने भरलेलं, हातात तांब्याची वाटी. मनगटावरच्या घड्याळाकडे टक लावून बसले होते. मी मागे फिरणार, तेवढ्यात म्हणाले, "थांब, बाळ. सहा तीन झाले की सांग मला, माझा चष्मा वर राहिलाय."

सहा तीनला सूर्योदय होता. मी "आता" म्हणाले आणि त्यांनी वाटी पाण्यावर अलगद सोडली. वाटीच्या बुडाला बारीक भोक असतं, त्यातून पाणी आत चढत जातं आणि भरली की वाटी डुबुक करून तळाला जाते. एकदा बुडायला लागतो तो वेळ म्हणजे एक घटिका, चोवीस मिनिटं. मुहूर्त होता बारा सत्तावीसचा. आजोबांनी हिशोब केलेला होता: सूर्योदयापासून बरोबर सोळा घटिका. वाटी सोळाव्यांदा बुडाली की अंतरपाट दूर करायचा, अशी त्यांच्या घरची जुनी रीत. आता गुरुजी मोबाईलच बघतात, पण त्या घरातला कुणीतरी म्हातारा अजून वाटी घेऊन बसतो.

सवयीने मी मोबाईलवर वेळ लावली. पहिली बुडाली सहा एकोणतीसला. म्हणजे सव्वीस मिनिटं.

मी गप्प राहिले असते. पण आजोबांनीच विचारलं, "तुझं तोंड असं का झालं?" मी सांगितलं, दोन मिनिटं जास्त लागली. ते म्हणाले, "सोडताना माझा हात हलला असेल. परत बघू." दुसरीलाही सव्वीसच. मग मी म्हणाले, हात हलला असता तर दोन्ही वेळा सारखाच कसा हलेल? ही चूक ठरावीक आहे, म्हणजे वाटीतच आहे. सोळा वेळा दोन-दोन मिनिटं म्हणजे बत्तीस मिनिटं. तुमच्या वाटीच्या भरवशावर राहिलो तर लग्न एकला एक मिनिट कमी असताना लागेल.

आजोबांनी वळून नीट माझ्याकडे पाहिलं. "तू काय करतेस गं?" मी सांगितलं. आणि त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "मग ज्या वजनाने तू बाकीची वजनं तपासतेस, ते बरोबर आहे हे कोण तपासतं?"

दोन दिवसांत दुसरा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मी बोलत सुटले. आमचं वजन आमच्याहून वरच्या प्रयोगशाळेत जातं, त्यांचं त्याहून वर, शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत साखळी पोचते, आणि 2019 सालापासून किलोग्रॅम कुठल्या धातूच्या ठोकळ्यावर नाही, एका भौतिक स्थिरांकावर ठरतो. ते मधे "हं" करत नव्हते, ऐकत होते. मग त्यांनी त्यांचं सांगितलं. आयुष्यभर एसटीच्या आगारात, गाड्यांची वेळापत्रकं लावायचं काम. "नऊची गाडी सव्वानऊला सुटली तरी कागदावर नऊच. म्हणून मला ही वाटी आवडते. हिला खोटं लिहिता येत नाही."

वाटी उजेडाकडे धरली तेव्हा कारण सापडलं. आदल्या दिवशी कुणीतरी ती चिंच आणि पूड लावून लख्ख घासली होती आणि पुडीचा चिकट थर भोकाच्या कडेला बसला होता. मी साडीची पिन काढली तर आजोबा केवढ्यांदा ओरडले! तांबं मऊ, पिनेने भोक मोठं होईल आणि वाटी कायमची पुढे धावेल. शेवटी केरसुणीची काडी भिजवून फिरवली, पाण्याने धुतली. यात दोन मिनिटं गेली. तिसरी वाटी साडेतेवीस मिनिटांत बुडाली.

मग पत्रिकेच्या मागे आम्ही सगळ्या वेळा लिहीत गेलो. मधे फोटोंना बोलावलं की मी जायची, हसायची, परत यायची. आश्चर्य म्हणजे हसणं तेव्हा जमत होतं, परत जायला जागा होती ना! उन्हं चढली तशी वाटी आणखी थोडी लवकर बुडू लागली. माझं मत, गंगाळातलं पाणी तापलं, कोमट पाणी पातळ वाहतं. आजोबांचं मत, दुपार जवळ आली की मी वाटी ओतून परत सोडायला घाई करतोय. सोळावी बुडाली बारा बावीसला. आजोबांनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी मोबाईलकडे. अंतरपाट बारा सत्तावीसलाच सरकला.

अक्षता वेचणारा

मस्त! फक्त एक दुरुस्ती. घटिका अठ्ठेचाळीस मिनिटांची असते, आमच्या आजीने सांगितलंय. तुमची वाटी अर्धीच असावी. बाकी भास्कराचार्यांच्या लीलावतीच्या लग्नात वाटीत मोती पडून भोक बुजलं आणि मुहूर्त टळला, हा इतिहास आहेच.

भटजीबुवा (निवृत्त)

अठ्ठेचाळीस मिनिटांचा मुहूर्त, म्हणजे दोन घटिका. घटिका चोवीसचीच. साठ घटिकांचा अहोरात्र, अडीच घटिकांचा तास. एका घटिकेची साठ पळं, म्हणून एक पळ चोवीस सेकंदांचं. आजींचं चुकलं नसावं, ऐकणाऱ्याने मुहूर्त आणि घटिकेची अदलाबदल केली असेल. लीलावतीची ती आख्यायिका आहे हो, इतिहास म्हणू नका. पण केरसुणीच्या काडीवरून पटतं, लोकांना हे भोक बुजण्याचं दुखणं फार जुन्या काळापासून ठाऊक होतं.

मी तीस-पस्तीस वर्षं लग्नं लावली. अलीकडे घटिकापात्र पूजेपुरतं मांडतात, हळदकुंकू वाहतात, बुडतं का ते कुणी बघत नाही. माझाही अनुभव लिहितो. पुरोहित लग्नातला सगळ्यात बोलका माणूस असं लोकांना वाटतं. मी मंत्र म्हणायचो, बोलायचो कुठे? एका लग्नात सनईवाल्याशेजारी जेवायला बसलो. त्यांच्या सनईला दोऱ्याने सुट्या पत्त्या लटकत होत्या. म्हटलं, इतक्या कशाला? म्हणाले, पत्ती वाजवायच्या आधी तोंडात भिजवावी लागते, आणि उन्हात एखादी ऐन मंगलाष्टकांत दगा देते. तुमचा मंत्र अडला तर तुम्ही काय करता? मी खरं सांगितलं, मोठ्याने "सावधान" म्हणतो. दोघेही पाणी पिता पिता ठसकलो.

पुण्याची काकू

खुर्ची ताई, छान लिहिलंत. पण त्या आजोबांना नातू वगैरे आहे का? नवऱ्यामुलाचा भाऊ? पत्रिका बघायला काय हरकत आहे.

कोपऱ्यातली खुर्ची

काकू, हा सोळावा प्रश्न.

मठ्ठेवाला

मी वाढप्या होतो. म्हणजे भाचीच्या लग्नात जग घेऊन मठ्ठा वाढायचं काम मागून घेतलं. माझं सगळ्या लग्नांतलं हेच धोरण. हातात जग असला की कुणी थांबवून पगार विचारत नाही. पण खरं सांगायचं तर त्यात गप्पा कुणाशीच झाल्या नाहीत. "मठ्ठा? मठ्ठा?" एवढाच शब्द तीन पंगती बोललो. घरी आल्यावर वाटलं, वाचलो खरा, पण कुणाला भेटलोच नाही. धाग्यात बसतं का माहीत नाही.

बडोदेकर

माझा अनुभव उलटा आहे. चुलतबहिणीच्या लग्नात मलाही असंच एक माणूस सापडलं, वधूची कॉलेजची मैत्रीण. रुखवताच्या टेबलामागे बसून आम्ही तीन तास बोललो. तिच्या वडिलांच्या आजारपणाबद्दल, माझ्या सोडलेल्या नोकरीबद्दल. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या गप्पांपैकी एक. पण त्या नादात लाजाहोमाला हाक आली तेव्हा मी नव्हते, आणि विहिणींच्या पंगतीत वाढायलाही नव्हते. काकू अजून बोलत नाही माझ्याशी. "लग्न आमचं होतं, तू त्या परक्या मुलीकडे आली होतीस का?" असं म्हणाली. मी माफी मागितली आहे. पण तिचं साफ चूक आहे असंही मला म्हणता येत नाही. खुर्ची यांचं बरं, त्यांच्या गप्पा मांडवाच्या मधोमध होत्या आणि लग्नाच्याच कामाच्या होत्या.

अक्षता वेचणारा

आजीला फोन केला होता. ती म्हणते तिने मुहूर्तच सांगितलं होतं. असो. पण कोमट पाण्याने वाटी लवकर बुडते हे मला पटत नाही. वजन तेच, भोक तेच.

भटजीबुवा (निवृत्त)

मलाही फरक इतका पडेलसं वाटत नाही. आजोबांची घाई जास्त संभवते.

कोपऱ्यातली खुर्ची

मीही ते सिद्ध करू शकले नाही, गंगाळात तापमापी नव्हती. पण वाद तिथे थांबलेला नाही. मार्गशीर्षात आजोबांचं पोस्टकार्ड आलं. मायना, खुशाली काही नाही. वर तारीख, आणि खाली एवढंच: "पहाट. माठातलं पाणी. वाटी तीच, काडी फिरवलेली. सून घड्याळ धरून होती, मी नव्हे. तीन वेळा सोडली. 24 मि. 40 से., 24 मि. 35 से., 24 मि. 45 से. तुझं काय म्हणणं?"