कार्ड बसवलं, पंखे फिरतात, पण मॉनिटर काळाच

ए-३०४: नमस्कार मंडळी. पोराच्या कॉम्प्युटरात आज ग्राफिक्स कार्ड बसवलं, आरटीएक्स ३०६०. वापरलेलं घेतलंय, पण विकणाऱ्याने माझ्यासमोर चालू करून दाखवलं होतं. आता बटण दाबलं की पंखे फिरतात, कीबोर्डचा दिवा लागतो, मॉनिटरवर मात्र `No Signal` येतं आणि दोन मिनिटांत तो झोपी जातो. परवा पोराचं आर्किटेक्चरचं सबमिशन आहे. कोणाला यातलं कळतं का?

सी-२०१: काका, मॉनिटरची केबल कुठे लावलीय? कीबोर्ड-माऊसच्या शेजारी उभ्या पट्टीत, की खाली आडव्या पट्टीत? आमच्याकडे पहिल्या दिवशी हाच घोळ झाला होता.

ए-३०४: वहिनी, आधी होती तिथेच. कीबोर्डच्या शेजारी.

सी-२०१: ते मदरबोर्डचं एचडीएमआय. कार्ड बसलं की बरेच मदरबोर्ड आपलं आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, मग त्या भोकातून चित्रच येत नाही. केबल खालच्या आडव्या पट्टीत, कार्डाच्या एचडीएमआयमध्ये लावा.

ए-३०४: लावली. तरी तेच. मॉनिटरच्या मेनूत जाऊन एचडीएमआय १ आणि २ दोन्ही करून बघितलं.

डी-४०३: मॉनिटर गेला असेल. माझ्याकडे जुना पडून आहे, देऊ का?

बी-१०२: काका, मी होटगी रोडला गिऱ्हाईकाकडे आहे, यायला उशीर होईल. तोवर एक करा. मॉनिटर गेला, कार्ड गेलं असं काहीच ठरवू नका. आधी प्रोसेसरचं नाव सांगा. १२४०० आहे की पुढे एफ आहे?

ए-३०४: बिलावर आय-५ १२४०० आहे. एफ नाही.

बी-१०२: मग काम सोपं आहे. एफ असता तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसतं आणि कार्डाशिवाय काही तपासता आलं नसतं. आता भिंतीवरचं बटण बंद करा, पिन काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच आत हात घाला. कार्ड काढून बाजूला ठेवा, केबल परत मदरबोर्डला लावा आणि चालू करा.

ए-३०४: आलं! विंडोज चालू झालं.

बी-१०२: बघा, एका झटक्यात मॉनिटर, केबल, रॅम, प्रोसेसर सगळे सुटले. आता दुखणं फक्त कार्ड, त्याचा स्लॉट आणि कार्डाला मिळणारी वीज एवढ्यातच आहे. परत सगळं बंद करून, पिन काढून कार्ड बसवा. सोन्याच्या पट्ट्या स्लॉटच्या बाहेर दिसता कामा नयेत आणि टोकाची खिटी ‘टक’ करून वर यायला हवी. वीज द्यायची केबल लावलीत की तिचा जवळून फोटो टाका.

ए-३०४: *(फोटो)* खिटी लागली. केबलही घट्ट आहे. तरी `No Signal`.

बी-१०२: काका, फोटो मोठा करून बघा. कार्डावर आठ भोकं आहेत, तुमच्या केबलने सहाच भरलीत. उजवीकडची दोन रिकामी आहेत.

ए-३०४: हो की! पण केबल सहाचीच आहे. बसली पण बरोबर, म्हटलं एवढंच असेल.

डी-४०३: नव्या पेठेत अडॅप्टर मिळतो ना. हार्डडिस्कच्या साटा केबलवरून आठ पिनांचा. शे-दोनशेत काम होईल.

बी-१०२: दादा, तो नको, मनापासून सांगतो. साटाच्या त्या प्लगची १२ व्होल्टची झेप जेमतेम ५४ वॉटची, आणि आठ पिनांचा प्लग १५० वॉट ओढायला परवानगी देतो. असे प्लग वितळलेले मी हातात घेतलेत, प्लास्टिक चिकटून बसलेलं असतं. काका, एसएमपीएस किती वॉटचा आहे? आणि केबलच्या त्या टोकापाशी दोन पिनांचा एक छोटा तुकडा लोंबत नाही ना, ते बघा. बऱ्याचदा तो तारेच्या जुडग्यात बांधलेला असतो.

ए-३०४: ५५० वॉट. थांबा, पोरगा टॉर्च धरतोय.

सी-२०१: मला एक कळत नाही. कार्डाला १७० वॉट लागतात म्हणे, पण ते गेम खेळताना ना? नुसता पडदा दाखवायला एवढी वीज कशाला? सहा पिनांवर निदान चित्र तरी यायला हवं होतं.

बी-१०२: वहिनी, अगदी बरोबर विचारलंत. वीज कमी पडून चित्र अडलेलं नाही. स्लॉटमधून ७५ आणि सहा पिनांतून ७५, असे १५० मिळतातच. पण १७० च्या कार्डाला ते भरात पुरणार नाहीत, म्हणून कार्ड चालू होण्याआधीच विचारतं की पुढे आठ पिनांची केबल आहे का? त्या जादा दोन तारांतून १२ व्होल्ट येतच नाहीत. दोन्ही ग्राउंडच्या तारा आहेत, आणि त्यातली एक म्हणजे कार्डाला दिलेला ‘हो’. तो ‘हो’ मिळाला नाही की कार्ड कामाला लागत नाही. काही कार्डं पडद्यावर इंग्रजीत लिहून सांगतात की वीजजोडणी करा, काहींच्या प्लगशेजारी लाल दिवा लागतो. बाकीची चूपचाप बसतात, आणि माणसाला वाटतं कार्डच मेलं.

ए-३०४: सापडला!! काळा तुकडा, केबलच्याच मागे दुमडून चिमट्याने बांधला होता, वर धुळीचा थर. वाटलं होतं हा वेगळा कशाचा तरी आहे.

बी-१०२: तोच. सहाच्या कडेला खाच असते, तिच्यात तो सरकवा म्हणजे दोन्ही मिळून एकच आठ पिनांचं तोंड होतं. मग एकत्रच दाबा. पिन काढलेली आहे ना आधी? आणि एक सांगून ठेवतो. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरला जाणारी चार-चारची केबल अशीच दिसते, ती चुकूनही इथे घुसवू नका. तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट्या असतात. जोर लावावा लागला की समजा, केबल चुकली.

ए-३०४: ‘टक’ झालं. चालू करतोय.

ए-३०४: आलं रे बाबा, आलं! पोरगा नाचतोय. पण अक्षरं भलती मोठी दिसतात आणि चित्र पसरट आहे.

बी-१०२: ते होणारच, कार्डाचा ड्रायव्हर नाही अजून. मदतीला विंडोज कामचलाऊ चित्र दाखवतंय. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ३०६० निवडून ड्रायव्हर घ्या. बसताना पडदा दोन-तीनदा काळा होईल, त्यावेळी केबल काढू नका, घाबरूही नका.

डी-४०३: उद्या परत असंच काळं झालं तर कसं ओळखायचं की ड्रायव्हर की केबल?

बी-१०२: बटण दाबल्यावर कंपनीचं चिन्ह दिसलं आणि विंडोज उघडताना काळं झालं, तर बहुतेक ड्रायव्हर. चिन्हसुद्धा दिसलं नाही, तर वीज, स्लॉट किंवा चित्राची केबल. बऱ्याच मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात, त्यातला `VGA` लिहिलेला लागून राहिला तर बोर्डाला कार्ड सापडत नाहीये.

ए-३०४: ड्रायव्हर बसला, १९२० बाय १०८० आलं. पोरानं मॉडेल उघडलंय, सरसर फिरतंय. बी-१०२, उद्या चहाला या.

बी-१०२: येतो काका. तोवर झाकण लावण्याआधी ती केबल कार्डाच्या पंख्याला घासत नाही ना, तेवढं बघा.